सागरतळाचे उंचसखल रूप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सागरतळरचनेबद्दल येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्म्यांचे मूळ पाठ्यपुस्तकातल्या एका आकृतीत असते: डावीकडे किनारा, मग एक पायरी, मग कडा, मग सपाट तळ, मध्ये डोंगर आणि उजवीकडे एक टोकदार खाच. आकृती चुकीची नाही, पण ती फार दाबून बसवलेली आहे. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात केली आहे. नेहमीच्या गोष्टी आधी, अडचणीचे अपवाद नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किनाऱ्यापासून आत जाताना तळ कोणत्या क्रमाने बदलतो?

पहिल्यांदा लागते समुद्रबूड जमीन, म्हणजेच भूखंडमंच. तिचा उतार सरासरी अंशाच्या दहाव्या भागाइतका असतो, म्हणजे चालताना जाणवणारही नाही इतका. साधारण १३० मीटर खोलीवर तिची कड येते आणि खंडान्त उतार सुरू होतो. हा सरासरी ४ अंशांचा असतो आणि दोन-तीन हजार मीटर खाली नेतो. त्याच्या पायथ्याशी वरून घसरून आलेल्या गाळाचा पसरट ढीग असतो. त्यापुढे सागरी मैदान, चार ते सहा हजार मीटर खोलीवर. मैदान संपले की छोट्या टेकड्या डोके वर काढू लागतात आणि तळ पुन्हा हळूहळू चढत जलमग्न पर्वतरांगेच्या माथ्यापर्यंत जातो. हा माथा सरासरी अडीच हजार मीटर खोल असतो.

या क्रमात गर्ता, म्हणजे आकृतीतली ती टोकदार खाच, आली नाही, हे मुद्दाम. अटलांटिकच्या बहुतेक किनाऱ्यांवर गर्ता नसतेच. ती कुठे असते ते प्रश्न १० मध्ये पाहा.

२. पुस्तकात खंडान्त उतार उभ्या कड्यासारखा दिसतो. मग तो फक्त ४ अंशांचा कसा?

कारण आकृतीत उभे माप आणि आडवे माप वेगवेगळे घेतलेले असते. हिशेब करून पाहा. महासागर ६००० किलोमीटर रुंद आणि ५ किलोमीटर खोल आहे असे धरा. तो ३० सेंटिमीटर रुंद पानावर काढायचा, तर १ सेंटिमीटर म्हणजे २०० किलोमीटर. याच मापाने ५ किलोमीटर खोली पाव मिलिमीटर भरते. म्हणजे पेन्सिलीच्या एका रेघेत सगळा महासागर संपला.

मग चित्रकार खोली ५ सेंटिमीटर दाखवतो. उभे माप २०० पट ताणले गेले. आता ४ अंशांचा उतार कागदावर ८६ अंशांचा होतो, म्हणजे कडाच. समुद्रबूड जमिनीचा अंशाच्या दहाव्या भागाचा उतारही जवळजवळ १९ अंशांचा दिसतो. कोणतीही अशी आकृती पाहताना आधी दोन्ही मापे शोधावीत. ती दिलेली नसतील, तर त्या आकृतीवरून उताराबद्दल काहीही बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

३. समुद्रबूड जमीन पाण्याखाली आहे, तर तिला भूखंडाचा भाग का म्हणतात?

कारण तिच्याखालचा खडक भूखंडाचा आहे. भूखंडाचे कवच सरासरी ३५ किलोमीटर जाड आणि तुलनेने हलके असते. महासागराखालचे कवच अवघे सात किलोमीटर जाड, पण अधिक घन बेसाल्टी खडकाचे. दोन्ही खालच्या प्रावरणावर तोलून राहिलेली असल्यामुळे जाड आणि हलके कवच वर राहते, पातळ आणि जड कवच खाली. पृष्ठभागाची उंची मोजली, तर जगात दोनच पातळ्या ठळकपणे दिसतात: एक समुद्रसपाटीच्या आसपासची आणि दुसरी चार-पाच हजार मीटर खोलीची. खंडान्त उतार म्हणजे या दोन पातळ्यांमधला जिना. भूखंडाची खरी सीमा किनाऱ्यावर नसून तिथे आहे.

किनारा तर सरकतच असतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगात बरेच पाणी जमिनीवर बर्फ होऊन अडकले होते आणि समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या वेळी आजची बहुतेक समुद्रबूड जमीन उघडी होती, तिच्यावरून नद्या वाहत होत्या.

रुंदीत मात्र प्रचंड फरक आहे. सैबेरियाच्या उत्तरेला ती हजार किलोमीटरच्याही पुढे जाते, तर चिलीच्या किनाऱ्यावर कुठे कुठे नावापुरतीच उरते.

४. खंडान्त उतारावर खोल घळया आहेत म्हणतात. त्या जुन्या नद्यांनी कोरल्या का?

वरचा थोडा भाग कदाचित. पण हिमयुगात पाणी उतरले ते सुमारे १२० मीटर, आणि घळया तर दोन-तीन हजार मीटर खोलीपर्यंत जातात. तितक्या खाली नदी कधी पोहोचलीच नाही. काही घळया आजच्या नद्यांच्या मुखासमोर आहेत, काँगो नदीची घळई तर नदीच्या मुखातच सुरू होते. पण कित्येक घळयांसमोर कोणतीच मोठी नदी नाही. त्या कोरल्या गाळाने भरलेल्या, आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जड झालेल्या प्रवाहांनी. ते तळाला चिकटून उताराने धावतात. पुढचा प्रश्न त्यांचाच आहे.

५. हजारो मीटर खोल पाण्यात असे प्रवाह वाहतात याला पुरावा काय? कोणी पाहिले?

पाहिले नाही, पण १९२९ साली तारायंत्राच्या केबलींनी त्याची वेळ नोंदवून ठेवली. पुराव्याचे इतके स्वच्छ उदाहरण या विषयात दुसरे नाही.

१८ नोव्हेंबर १९२९ ला न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ग्रँड बँक्स भागात खंडान्त उताराखाली ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. युरोप आणि उत्तर अमेरिका जोडणाऱ्या केबली या तळावरून गेल्या होत्या. केंद्राजवळच्या केबली लगेच तुटल्या, त्यात नवल नव्हते. नवल पुढे होते. त्यांच्या दक्षिणेला, अधिक खोल पाण्यातल्या केबली एकामागून एक तुटत गेल्या आणि शेवटची तुटली ती भूकंपानंतर तेरा तासांहून अधिक काळाने. एकूण बारा केबली तुटल्या. संदेश कोणत्या मिनिटाला थांबला ते कंपन्यांच्या नोंदीत होते आणि तुटलेली जागा दुरुस्तीच्या जहाजांना विजेच्या मोजणीवरून सापडली होती. म्हणजे अंतरही हाती आणि वेळही हाती.

तरी दोन दशकांहून जास्त काळ हे सगळे भूकंपाच्या धक्क्यांच्या खात्यावर जमा होते. त्यात दोन अडचणी होत्या. भूकंपाच्या लाटा काही मिनिटांत शेकडो किलोमीटर जातात, त्यांना तेरा तास लागत नाहीत. आणि तुटण्याचा क्रम तंतोतंत वरून खाली, उथळाकडून खोलाकडे असा होता. १९५२ मध्ये ब्रूस हीझेन आणि मॉरिस यूइंग यांनी या नोंदी नव्याने मांडल्या. धक्क्याने उतारावरचा गाळ सुटला, पाण्यात मिसळून त्याचा प्रवाह झाला आणि तो वाटेतल्या केबली तोडत गेला, असा अर्थ त्यांनी लावला. दोन केबलींमधले अंतर भागिले तुटण्यातला वेळ, की वेग मिळतो. उताराच्या भागात तो तासाला साठ-सत्तर किलोमीटरच्या घरात भरतो, आणि सपाटीवर पोहोचेपर्यंत वीस-बावीसवर येतो. त्यांनी सुरुवातीचा वेग याहूनही जास्त काढला होता, पुढच्या अभ्यासांनी तो खाली आणला. प्रवाहाने खाली नेऊन टाकलेला गाळ दीडशे घन किलोमीटरहून अधिक होता, आणि तो सोहम नावाच्या सागरी मैदानावर पसरला.

याच घटनेत त्सुनामी उठली आणि न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर २८ माणसे गेली.

६. सागरी मैदान इतके सपाट कशामुळे होते? वरून पडणाऱ्या सूक्ष्म गाळामुळेच ना?

हे उत्तर बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते, पण हिशेबात बसत नाही. किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात तांबडी माती साठण्याचा वेग हजार वर्षांना १ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे दहा लाख वर्षांना १ मीटर आणि दहा कोटी वर्षांना १०० मीटर. महासागराच्या मूळ बेसाल्टी तळावरच्या टेकड्या मात्र सहज दोन-तीनशे मीटर उंच असतात. शिवाय वरून संथपणे पडणारा गाळ माथ्यावरही पडतो आणि दरीतही. त्याने तळ झाकला जातो, सपाट होत नाही.

सपाटी येते ती प्रश्न ५ मधल्या प्रवाहांमुळे. ते तळालगत वाहतात, त्यामुळे गाळ आधी खोलगट भागात भरतो आणि टेकड्या हळूहळू त्यात बुडतात. मैदानात नळी घुसवून गाळाचा उभा गाभा काढला की हे थेट दिसते. तांबड्या मातीच्या पातळ थरांमध्ये वाळूचे थर येतात, आणि अशा प्रत्येक थरात खाली जाड रेती, वर बारीक, त्याच्या वर चिकणमाती असते. प्रवाह मंदावला तसे जड कण आधी बसले. या वाळूत कधी कधी उथळ पाण्यातल्या जिवांची कवचेही सापडतात. ती पाच किलोमीटर खोलीवर दुसऱ्या कोणत्या मार्गाने येणार?

अशा मैदानाचा उतार हजारास एकपेक्षाही कमी असतो, म्हणजे किलोमीटरभर जाऊन मीटरभरही उतरणे नाही.

७. मग पॅसिफिकमध्ये अशी मैदाने कमी का?

कारण तिथे किनाऱ्यालगत गर्ता आहेत. उतारावरून आलेला गाळ त्यांतच अडकतो, पलीकडे पोहोचत नाही. त्यामुळे पॅसिफिकच्या तळाचा मोठा भाग अजून टेकड्यांचाच आहे. अटलांटिकमध्ये वाट मोकळी आहे. बंगालच्या उपसागरात तर गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ सुमारे ३००० किलोमीटर दक्षिणेपर्यंत पसरला आहे.

८. महासागराच्या मध्यभागी तळ उंच आणि कडेला खोल, हे उलटे नाही का?

महासागराकडे पाण्याने भरलेला खड्डा म्हणून पाहिले, तर उलटे वाटते. त्याच्याकडे थंड होत जाणारा दगड म्हणून पाहिले की सरळ होते.

जलमग्न पर्वतरांगेच्या माथ्यावर दोन भूपट्ट दूर सरकतात, खालून तप्त प्रावरण वर येते आणि नवे कवच तयार होते. ते गरम असल्यामुळे फुगलेले आणि कमी घनतेचे असते, म्हणून उंच राहते. बाजूला सरकताना ते थंड होते, आकुंचन पावते आणि खाली बसते. किती खाली, याचे एक साधे सूत्र आहे. खोली मीटरमध्ये आणि वय दशलक्ष वर्षांत:

खोली = २५०० + ३५० × √वय

अटलांटिकवर ते लावून पाहू. तिथे प्रत्येक बाजू वर्षाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास सरकते, म्हणजे दहा लाख वर्षांत साडेबारा किलोमीटर. माथ्यापासून ५० किलोमीटरवरचा तळ ४० लाख वर्षांचा. ४ चे वर्गमूळ २, म्हणून खोली ३२०० मीटर. सुमारे ३१० किलोमीटरवर वय अडीच कोटी, खोली ४२५० मीटर. ८०० किलोमीटरवर वय ६ कोटी ४० लाख, खोली ५३०० मीटर. पहिल्या ५० किलोमीटरमध्ये तळ ७०० मीटर खाली गेला, पण शेवटच्या ४९० किलोमीटरमध्ये फक्त १०५०. गरम वस्तू आधी झपाट्याने निवते, मग रेंगाळते. तीच चाल तळाच्या उतारात उमटलेली आहे.

यातून एक गमतीची गोष्ट निघते. ५० ते ८०० किलोमीटर या पट्ट्यात तळ दर किलोमीटरला सरासरी तीन मीटरही उतरत नाही. म्हणजे ज्याला आपण पर्वतरांग म्हणतो, तिच्या बाजूचा सरासरी उतार समुद्रबूड जमिनीच्या उताराशी स्पर्धा करतो. जवळून पाहिले तर मात्र हा भाग भेगा, कडे आणि टेकड्यांनी खडबडीत असतो.

पूर्व पॅसिफिकमध्ये सूत्र तेच, पण वेग पाच-सहा पट. तिथे अडीच कोटी वर्षांचा तळ माथ्यापासून दीड-दोन हजार किलोमीटर दूर असतो. म्हणून ती रांग इतकी पसरट दिसते. अटलांटिकच्या माथ्यावर एक-दोन किलोमीटर खोल खचदरी असते, तशी तिथे नसते.

९. हे सूत्र सगळीकडे लागू होते का?

नाही. साधारण सात कोटी वर्षांच्या वयापर्यंत ते चांगले चालते. त्यापुढे तळ सूत्राइतका बसत नाही. १५ कोटी वर्षांच्या तळाला सूत्र ६८०० मीटर सांगते, प्रत्यक्षात तो सहा हजारांच्या आसपास भेटतो. खालून काही उष्णता पोहोचत राहते, असे त्याचे स्पष्टीकरण देतात, पण तपशिलावर अजून वाद आहेत.

दुसरे, सूत्र उघड्या बेसाल्टसाठी आहे. वर जाड गाळ असेल, तर मोजलेली खोली तशीच वापरून चालत नाही. आणि तिसरे, हवाईसारखी ठिकाणे. तिथे तळ त्याच्या वयाच्या मानाने हजारभर मीटर उंच उचललेला आहे. आइसलँडमध्ये तर पर्वतरांगेचा माथा चक्क पाण्याबाहेर आला आहे, जिथे सूत्र अडीच हजार मीटर खोल पाणी सांगते. सूत्र जिथे फसते, तिथे खाली काहीतरी वेगळे चालू आहे हे कळते. माझ्या मते त्याचा खरा उपयोग हाच.

१०. सर्वांत खोल जागा समुद्राच्या मध्यभागी नसून कडेला का?

गर्ता म्हणजे जुना भूपट्ट वाकून दुसऱ्याखाली घुसतो ती जागा. म्हणून ती भूखंडाच्या किंवा बेटांच्या रांगेच्या शेजारी असते. तिची लांबी हजारो किलोमीटर, पण रुंदी बहुधा शंभराच्या आत.

मारियाना गर्तेत चॅलेंजर डीप जवळजवळ ११ किलोमीटर खोल आहे. पण तिथला भूपट्ट १५ कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे गर्तेत शिरण्याआधीच तो सहा किलोमीटर खोल गेलेला असतो. वाकण्याचे काम उरलेल्या पाच किलोमीटरचे. गर्तेच्या आधी तळ काहीशे मीटर वरही उचलला जातो, कारण ताठ पाटी वाकवली की वाकण्याच्या आधीचा भाग किंचित फुगतो. पेरू-चिली गर्तेत शिरणारा तळ बराच तरुण आहे, आणि तिची कमाल खोली आठ हजार मीटरच्या आसपासच थांबते.

कधी गर्ता असूनही दिसत नाही. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर भूपट्ट खाली जातो आहे, पण तो अगदी तरुण आहे आणि खाच गाळाने भरून गेली आहे. नकाशात तिथे फक्त खंडान्त उताराचा पायथा दिसतो. खोल खाच नाही म्हणून भूकंप नाही, असे तिथे मानता येत नाही. १७०० सालच्या जानेवारीत तिथे फार मोठा भूकंप होऊन गेला आहे.

११. मारियाना गर्तेची खोली दर पुस्तकात वेगळी. खरी कोणती?

१९५७ मध्ये सोव्हिएत जहाज वित्याझने ११,०३४ मीटर सांगितली, २०१० च्या मोजणीत १०,९९४ आली, अलीकडचे एक मूल्य १०,९३५ आहे. तळ हललेला नाही, मोजणी सुधारली आहे.

खोली ध्वनीने मोजतात. पाण्यात ध्वनीचा वेग सुमारे १५०० मीटर प्रति सेकंद, म्हणून चॅलेंजर डीपवरून प्रतिध्वनी परत यायला साडेचौदा सेकंद लागतात. हा वेग तापमान, खारटपणा आणि दाबानुसार बदलतो. अकरा किलोमीटर पाण्यासाठी धरलेला सरासरी वेग अर्ध्या टक्क्याने चुकला, तर उत्तर ५५ मीटरने चुकते. वरच्या शेवटच्या दोन आकड्यांतला फरक जवळजवळ तितकाच आहे. शिवाय गर्तेचा तळ अरुंद. ध्वनीचा झोत रुंद असला, तर जवळच्या भिंतीचा प्रतिध्वनी आधी येतो आणि यंत्र त्यालाच तळ समजते. जुन्या यंत्रांच्या आलेखात दऱ्या भरलेल्या आणि शिखरे कमानीसारखी फुगलेली दिसतात, ती यामुळेच. आकडा वापरताना सोबत मोजणीचे वर्ष द्यावे.

१२. अटलांटिकमध्ये विषुववृत्ताजवळ साडेसात हजार मीटर खोल जागा आहे. ती गर्ता का नाही?

कारण तिथे कोणताही भूपट्ट खाली जात नाही. ही रोमांश खाच. मध्य-अटलांटिक रांग तिथे कापली जाऊन शेकडो किलोमीटर बाजूला सरकली आहे आणि दोन तुकड्यांमधल्या आडव्या भेगेत ही खोली आहे. खोली पाहून गर्ता ठरवायची नसते. शेजारी ज्वालामुखींची रांग आहे का, आणि भूकंपांची केंद्रे एका बाजूला खोल खोल जात आहेत का, ते पाहायचे. इथे दोन्ही नाहीत.

१३. नकाशात सगळा तळ दिसतो. मग फक्त चतुर्थांशच मोजला असे का म्हणतात?

उरलेला भाग उपग्रहांवरून अंदाजलेला आहे. तळाशी पर्वत असला की त्याचे वस्तुमान आजूबाजूचे पाणी ओढून घेते. दोन हजार मीटर उंच सागरी पर्वतावर समुद्राचा पृष्ठभाग दोनएक मीटर फुगलेला असतो. हा फुगवटा उपग्रह मोजतात आणि त्यावरून तळ काढला जातो. पद्धत सुंदर आहे, पण काही किलोमीटरपेक्षा लहान तपशील तिला दिसत नाही. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकी पाणबुडी सॅन फ्रान्सिस्को ग्वामच्या आग्नेयेला ज्या सागरी पर्वतावर आदळली, तो तिच्या वापरातल्या नकाशात नव्हता. एक खलाशी मरण पावला.

१४. कायद्यातली समुद्रबूड जमीन आणि भूगोलातली एकच का?

नाही, आणि बातम्या वाचताना गोंधळ इथेच होतो. १९८२ च्या समुद्रविषयक कायद्याच्या करारातील कलम ७६ नुसार किनारी देशाला २०० सागरी मैलांपर्यंतचा तळ मिळतोच, मग तिथे प्रत्यक्षात खंडान्त उतार असो, मैदान असो की गर्ता. त्यापलीकडे हक्क सांगायचा, तर खंडान्त उताराचा पायथा दाखवावा लागतो. त्याची व्याख्या अशी: उताराच्या तळाशी जिथे ढाळ सर्वांत जास्त बदलतो तो बिंदू. तिथून साठ सागरी मैल पुढे जाता येते, किंवा गाळाची जाडी पायथ्यापासूनच्या अंतराच्या निदान एक टक्का असेल तिथपर्यंत. पायथ्यापासून १०० किलोमीटरवर किमान एक किलोमीटर गाळ, असा त्याचा अर्थ. शेवटची मर्यादा ३५० सागरी मैल, किंवा २५०० मीटर खोलीच्या रेषेपासून १०० सागरी मैल.

म्हणजे कायदेशीर "समुद्रबूड जमीन" पाच हजार मीटर खोल मैदानावरही असू शकते. आणि जिथे गाळाने पायथा इतका पसरट केला आहे की ढाळ कुठे बदलतो तेच दिसत नाही, तिथे दोन मोजणीदार एकाच आलेखावर दोन वेगळे बिंदू दाखवतात आणि दोन्हींसाठी युक्तिवाद उभा राहतो.